आईच्या देखभालीसाठी प्रशिक्षित ताई हव्या आहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पाठवलेला संदेश, फोन नंबर वगळून, असा होता:

"कोथरूड, पुणे. पक्षाघातामुळे उजवी बाजू कमजोर झालेल्या आमच्या आईसाठी (वय ७८) दिवसपाळीला प्रशिक्षित ताई हव्या आहेत. वेळ सकाळी ८ ते रात्री ८, सोमवार ते शनिवार, दुपारी दीड तास विश्रांती. काम: पलंगावरून खुर्चीत घेणं, अंघोळ, शौच-लघवी, भरवणं, कूस बदलणं, फिजिओथेरपिस्टनी सांगितलेले व्यायाम करून घेणं आणि वहीत नोंदी. घरचा स्वयंपाक, केर-फरशी, भांडी नाहीत. दर ड्युटीला ९५० रुपये, पगार दर महिन्याच्या १ तारखेला, महिन्यात एक भरपगारी रजा. आधी अर्ध्या दिवसाची चाचणी, तिचे ५०० रुपये त्याच दिवशी. वनाज मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटं."

संदेश बराच फिरला आणि फोनही खूप आले. बहुतेकींचे प्रश्न सारखेच होते, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहीत आहे. फोन करण्याआधी वाचलंत तर तुमचाही वेळ वाचेल. जी गोष्ट जमणार नाही, ती तुम्हाला इथेच कळावी अशी इच्छा आहे.

आजींना नेमकं काय झालं आहे?

मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला. त्यामुळे उजवा हात जवळजवळ हलत नाही आणि उजव्या पायात थोडी ताकद आहे. वजन ६२ किलो. आधार दिला तर ती काही क्षण उभी राहते, पण चालत नाही. मधुमेह जुना आहे. कॅथेटर किंवा नाकातली नळी नाही. दिवसा डायपर असतं, तरी कमोडच्या खुर्चीवर वेळेवर बसवलं तर बहुतेक वेळा ते कोरडं राहतं.

बोलण्यावरही परिणाम झाला आहे. तिला सगळं समजतं, पण शब्द सापडत नाही. "पाणी" म्हणायचं असतं आणि तोंडून "पान" येतं, मग ती चिडते. अशा वेळी आपण घाईनं वाक्य पूर्ण केलं की ती गप्पच होते. हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचा, दोन वस्तू समोर धरायच्या आणि थांबायचं. ती तीस वर्षं शाळेत शिकवत होती, तिच्याशी लहान मुलासारखं बोललेलं तिला अजिबात खपत नाही. "आजी" म्हटलेलं चालतं, "बाई" म्हटलं तर चेहरा खुलतो.

दिवसभराचं काम कसं असतं?

सकाळी आठला मी रात्रीची हकिगत सांगते: झोप, लघवी, खोकला, कातडी. सव्वाआठला साखर तपासायची, लगेच मी इन्सुलिन देते आणि साडेआठला नाश्ता. त्यानंतर अर्धा-पाऊण तास ती ताठ बसलेलीच राहते. दहाला अंघोळ. आठवड्यातून तीनदा बाथरूममध्ये खुर्चीवर आणि बाकीचे दिवस पलंगावर अंग पुसून. अकराला व्यायाम, सव्वाबाराला जेवण. दीड ते तीन ती पलंगावर आणि तुम्ही विश्रांतीला. चारला चहा आणि खिडकीपाशी बसणं, सातला जेवण, आठला वही माझ्या हातात.

हे वेळापत्रक काटेकोर नाही. इन्सुलिन आणि त्यामागचं खाणं मात्र पुढे-मागे होऊन चालत नाही. तिला बरं वाटत नसेल तर अंघोळ राहिली तरी चालेल.

पलंगावरून व्हीलचेअरवर एकटीनं घ्यावं लागेल का?

हो, दिवसातून सहा-सात वेळा. या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. संदेशात "प्रशिक्षित" हा शब्द आम्ही मुख्यतः यासाठीच लिहिला. मी घरूनच काम करते, त्यामुळे ती फार थकलेली असेल तेव्हा हाक मारलीत की येईन. पण प्रत्येक वेळी दोघी लागत असतील, तर ते काम तुमच्यासाठी नाही.

आमच्या फिजिओथेरपिस्टनी घालून दिलेली पद्धत अशी आहे. व्हीलचेअर आईच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला पलंगाला तिरकी लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे, पायाच्या पट्ट्या वर करायच्या. तिला कुशीवर वळवून पाय खाली सोडून बसवायचं आणि मिनिटभर तसंच बसू द्यायचं, कारण एकदम उठवलं की तिला चक्कर येते. पायात न घसरणारी चप्पल, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. कमरेला पट्टा बांधायचा आणि धरायचं ते पट्ट्यालाच. आपला गुडघा तिच्या उजव्या गुडघ्यासमोर टेकवायचा, म्हणजे तो पाय अचानक वाकत नाही. मग तिला पुढे झुकायला सांगायचं, "नाक पायाच्या बोटांवर आणा" म्हटलं की तिला कळतं. तीन म्हणताच उभं करायचं, डावीकडे वळवायचं, खुर्ची मागून पायाला लागली की हळू खाली बसवायचं. आपली पाठ सरळ, वाकायचं ते गुडघ्यात.

काखेत हात घालून उचलणं आणि उजवा हात धरून ओढणं, या दोन गोष्टी आमच्या घरात पूर्ण बंद आहेत. पक्षाघातानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि हात ओढला की खांद्याचं हाड खोबणीतून खाली सरकतं. मग महिनोन्‌महिने दुखतं, व्यायाम थांबतो आणि हात आखडतो. असं ओढलं जात असेल तर ते लक्षात कसं येतं? उठवण्याची वेळ झाली की आई डाव्या हातानं उजवा हात पोटाशी घट्ट धरून बसते. शब्द सापडत नसले तरी तिची ही खूण स्पष्ट असते. ती दिसली की थांबायचं आणि मला सांगायचं.

कपड्यांचंही असंच आहे. घालताना आधी उजवा हात, काढताना आधी डावा. पुढून उघडे गाऊन शिवून घेतले आहेत, त्यामुळे ओढाताण होत नाही.

भरवण्यात एवढं काय विशेष आहे?

तिची गिळण्याची क्रिया मंदावली आहे. पाण्यासारखा पातळ पदार्थ घशात लवकर पोचतो आणि श्वासनलिकेचं दार तोवर बंद झालेलं नसतं. मग तो छातीत जातो. ठसका लागला तर निदान आपल्याला कळतं. कधी कधी ठसकाही लागत नाही आणि दोन दिवसांनी ताप येतो. म्हणून पाणी, चहा, दूध, ताक सगळ्यात दाट करण्याची पावडर घालतो. काट्याचा चमचा बुडवून वर उचलला की दात्यांमधून धार न लागता थेंब हळूहळू गळायला हवेत. पावडर घातल्यावर दोन-तीन मिनिटं थांबायचं, मगच दाटपणा बघायचा. लगेच पातळ वाटलं म्हणून आणखी घातली की नंतर त्याचा गोळा होतो.

जेवण मऊ आणि एकजीव लागतं: मुगाची खिचडी, घोटलेलं वरण-भात, लापशी, लाल भोपळ्याची मऊ भाजी. पातळ आमटीत कालवलेला भात अनेकांना सोपा वाटतो, पण आमच्या आईसाठी तोच धोक्याचा. आमटी आधी घशात जाते आणि शितं तोंडातच राहतात. पोहे, चिवडा, फुटाणे, लाह्या नाहीत. स्ट्रॉ नाही.

भरवताना ती खुर्चीत ताठ बसलेली हवी, हनुवटी किंचित खाली. आपण तिच्या समोर, तिच्याच उंचीवर बसायचं. उभं राहून भरवलं की ती मान वर करते आणि मान वर गेली की घसा उघडा पडतो. चहाचा छोटा चमचा अर्धाच भरायचा, डाव्या गालाकडून द्यायचा, गिळलं की पुन्हा एकदा गिळायला सांगायचं आणि मगच पुढचा घास. मध्ये तिला "आ" म्हणायला लावायचं. आवाज ओला, गुळगुळल्यासारखा आला तर घशात काहीतरी अडकलं आहे, तिथेच थांबायचं. जेवण संपल्यावर उजव्या गालाच्या आत बघायचं. तिथे अन्न साठतं आणि तिला ते जाणवत नाही. तोंड नीट साफ करून मग अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

एका जेवणाला चाळीस मिनिटं लागतात. ती अर्ध्यात थकली तर वाटी तशीच ठेवा. वहीत "अर्धी वाटी" लिहिलेलं बघून इथे कुणी बोलणार नाही.

पाठीला पावडर लावून चोळायची का?

चोळायचं नाही. अनेक ठिकाणी स्पिरिट किंवा पावडर लावून पाठ चोळण्याची सवय असते, हे माहीत आहे. पण माकडहाडापाशी कातडी लाल झाली असेल तर आतल्या रक्तवाहिन्या आधीच दबलेल्या असतात आणि चोळल्यानं इजा वाढते.

ती पलंगावर असते तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागे उशी देऊन थोडी तिरकी. पूर्ण कुशीवर नको, त्यानं खुब्यावर भार येतो. पोटरीखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. खुर्चीत असताना दर अर्ध्या तासानं तिला पुढे झुकवून भार हलका करायचा. दुपारी तुमच्या विश्रांतीच्या वेळात हे मी बघते.

अंघोळीच्या वेळी माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा आणि उजवं कोपर रोज बघायचं. लाल भागावर बोट दाबून सोडा. क्षणभर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर भार काढला की बरं होतं. दाबूनही लालच राहिलं तर ती जखमेची सुरुवात आहे, मला लगेच दाखवा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा हाताच्या मागच्या बाजूनं तपासायचं, आजूबाजूपेक्षा तो भाग गरम किंवा टणक लागतो.

इन्सुलिन, इंजेक्शन, कॅथेटर ही कामं करावी लागतील का?

नाही. इन्सुलिन मीच देते. बोटाला टोचून साखर तपासणं तुमच्याकडे आहे, येत नसेल तर शिकवू. पुढे कॅथेटर किंवा नळीची वेळ आली तर ते काम परिचारिकेचं, त्यासाठी आम्ही वेगळी सिस्टर बोलावू. तुम्ही एएनएम किंवा जीएनएम असाल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असेल, तर जरूर सांगा. मात्र आत्ताच्या कामाला ती लागत नाही आणि आत्ताचा दरही तेवढ्यासाठी नाही.

साखर ७० च्या खाली आली, घाम फुटला, हात थरथरायला लागला किंवा ती अचानक गोंधळली, तर मला हाक मारा. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद फ्रिजवर आहे: तीन चमचे ग्लुकोज दाट केलेल्या पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. ती गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन.

घरातली इतर कामं?

आईची खोली आवरणं, तिचे कपडे मशीनला लावणं, तिची ताट-वाटी आणि कमोडचं भांडं धुणं, तिचं जेवण घोटून देणं. एवढंच. स्वयंपाकाला आणि केर-फरशीला वेगळ्या मावशी येतात. त्या आल्या नाहीत तरी त्यांचं काम तुमच्याकडे येणार नाही. पाहुणे आले तर चहा मी करते.

हे इतकं स्पष्ट लिहिण्याचं कारण आहे. "जरा एवढं करून टाका" म्हणत रोज दहा-दहा मिनिटं निघून गेली की कूस बदलायची वेळ टळते.

बारा तासांत विश्रांती खरंच मिळते का?

दीड ते तीन तुम्ही मोकळ्या आहात. बैठकीच्या खोलीत दिवाण आहे, पंखा आहे, झोपलात तरी चालेल. त्या वेळात आईनं हाक मारली तर मी जाते. सकाळी अकराला आणि दुपारी चारला चहा, दुपारचं जेवण आमच्याकडे. उपवास असेल तर आधी सांगा. डबा आणायचा असेल तरी हरकत नाही.

रात्री आठ म्हणजे आठ. वनाजहून मेट्रो मिळते आणि कोथरूड डेपोची पीएमपी बसही जवळच आहे. आमच्यामुळे साडेआठच्या पुढे थांबावं लागलं तर रिक्षाचं भाडं आम्ही देऊ.

पगाराचा हिशेब कसा?

दर ड्युटी ९५० रुपये. जास्तीच्या प्रत्येक तासाला १२० रुपये आणि पंधरा मिनिटांच्या पुढे गेलं की अर्धा तास धरायचा. आठवड्याची सुट्टी रविवारी. त्या दिवशी माझा भाऊ चिंचवडहून येतो. त्याशिवाय महिन्यात एक भरपगारी रजा.

उदाहरण घेऊ. महिना ३० दिवसांचा, रविवार चार, म्हणजे ड्युटीचे दिवस २६. तुम्ही दोन दिवस आला नाहीत. त्यातला एक भरपगारी, दुसऱ्याचा पगार नाही. म्हणून २५ ड्युट्यांचे २३,७५० रुपये. तीन तास जास्त थांबलात, त्याचे ३६० रुपये. एकूण २४,११०. आधी ३,००० रुपये उचल घेतली असेल आणि महिन्याला १,००० रुपये कापायचं ठरलं असेल, तर हातात २३,११०. एकही जादा रजा नसेल तर अशा महिन्याचे २४,७०० रुपये होतात.

पगार १ तारखेला यूपीआयनं किंवा बँकेत. रोख हवी असेल तर रोख, पण वहीत दोघींची सही. वहीचा फोटो दर महिन्याला तुमच्या फोनवर पाठवते, म्हणजे हिशेब एकीकडेच राहत नाही. उचल एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत मिळेल, दवाखान्याचं कारण असेल तर जास्तही. तिच्यावर व्याज नाही आणि कापायची रक्कम तुम्ही सांगायची.

गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन आणि १ मे या दिवशी भरपगारी सुट्टी. आलात तर त्या दिवसाचे दुप्पट. वर्ष पूर्ण झाल्यावर दिवाळीला एका महिन्याचा पगार बोनस. वर्ष झालं नसेल तर जितके महिने झाले, त्या हिशेबानं.

दर कमी-जास्त होईल का? आणि मी ब्युरोकडून आले तर?

खाली येणार नाही. "दुसरी ताई आठशेत तयार आहे" असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. वर जाऊ शकतो. पक्षाघाताच्या रुग्णाचा दोन वर्षांहून जास्त अनुभव असेल आणि चाचणीत ते दिसलं, तर पहिल्या दिवसापासून १,०५० रुपये. सहा महिन्यांनी सगळ्यांच्याच दराबद्दल पुन्हा बसून बोलू. आईची तब्येत बदलली आणि रात्रीचं काम वाढलं, तर दर आधी ठरेल आणि काम नंतर वाढेल.

ब्युरोकडून आलात तरी चालेल, पण तुमच्या हातात दर ड्युटीला ९५० रुपये पडले पाहिजेत. ब्युरोचं कमिशन आम्ही वेगळं देऊ आणि त्याची पावती घेऊ. याआधी एका ब्युरोकडून ज्या ताई येत होत्या, त्यांच्या हातात किती पडतात हे आम्हाला माहीत नव्हतं आणि आम्ही किती देतो हे त्यांना. शिवाय दर आठवड्याला नवा चेहरा यायचा. बोलता न येणाऱ्या माणसाला त्याचा किती त्रास होतो, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. म्हणून ब्युरोशी बोलतानाही अट तीच: येणारी व्यक्ती एकच आणि बदली ताई आधी येऊन काम बघून जाणार.

अचानक येता आलं नाही तर?

सकाळी सहाच्या आत फोन करा, कारण काहीही असो. मुलाचा ताप, पाळीचा त्रास, पावसात बस बंद, सगळं समजतं. सातला कळलं तर मला कामावर सांगायला वेळ मिळत नाही. न सांगता खाडा झाला तर त्या दिवसाचा पगार नाही, पण दंडही नाही. असं तीनदा झालं तर मग काम चालू ठेवण्याबद्दल बोलावं लागेल.

तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर येऊ नका. आईला छातीचा संसर्ग परवडणारा नाही. अशा दिवसांचा, सलग तीन दिवसांपर्यंत, अर्धा पगार देऊ.

कोर्सचं प्रमाणपत्र नाही, पण अनुभव आहे. फोन करू का?

नक्की करा. जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एडचा कोर्स झाला असेल तर चांगलंच. पण स्वतःच्या सासूबाईंची चार वर्षं सेवा केलेल्या काही जणी कोर्सवाल्यांपेक्षा सराईत असतात. प्रमाणपत्रापेक्षा आम्ही चाचणी बघतो.

चाचणी सकाळी ८ ते दुपारी १. मी पूर्ण वेळ सोबत असते. एक नाश्ता भरवायचा आणि दोनदा खुर्चीत घ्यायचं. पद्धत आधी मी करून दाखवते, कारण प्रत्येक घरची थोडी वेगळी असते. मी मुख्यतः इतकंच बघते: ब्रेक लावले का, उचलायच्या आधी तिला सांगितलं का आणि शंका आली तेव्हा विचारलं का. निवड होवो न होवो, ५०० रुपये एक वाजता हातात.

कागदपत्रं काय लागतील? घरात कॅमेरा आहे का?

ओळखीचा पुरावा, एक फोटो, आधीच्या एका घरचा फोन नंबर आणि पोलीस पडताळणीला संमती. आधारची प्रत देताना आधीचे आठ आकडे झाकलेले चालतील. मूळ कागद आम्ही कधीच ठेवून घेत नाही. कुठेही कुणी मूळ प्रमाणपत्र ठेवून घ्यायला लागलं तर देऊ नका.

कॅमेरा बैठकीच्या खोलीत दाराकडे तोंड करून आहे. आईच्या खोलीत आणि बाथरूममध्ये नाही. तुम्ही दिवाणावर झोपलात तर कॅमेऱ्यात येत नाही, हवं तर स्वतः बघून खात्री करा.

फोन जवळ ठेवा, घरच्यांशी बोला. भरवताना आणि खुर्चीत घेताना मात्र तो बाजूला. आईचे फोटो-व्हिडिओ काढून कुठेही टाकायचे नाहीत.

पुन्हा झटका आला किंवा पडल्या तर?

तोंड आणखी वाकडं झालं, आतापर्यंत चांगला असलेला डावा हात ढिला पडला, अचानक गुंगी आली किंवा समजणंच बंद झालं, तर मला हाक, १०८ ला फोन आणि घड्याळात वेळ बघून लिहून ठेवणं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि तिथे डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "शेवटचं व्यवस्थित कधी पाहिलंत?" म्हणून वहीतली वेळ मोलाची.

खुर्चीत घेताना ती घसरायला लागली तर हवेत तोलून धरू नका. आपल्या पायावरून तिला हळूच जमिनीवर उतरू द्या आणि डोकं सांभाळा. मग एकट्यानं उचलायचं नाही. तपासून, दोघींनी मिळून. अशी घटना झाली म्हणून कुणाचं काम जाणार नाही. लपवली तर मात्र विश्वास राहणार नाही, कारण आई आम्हाला सांगू शकत नाही.

काम करताना माझीच पाठ भरली तर?

कामामुळे दुखापत झाली तर डॉक्टरांचा खर्च आणि एक आठवड्याचा पगार आमच्याकडे. घरकामगारांना पीएफ मिळत नाही, म्हणून तुमच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना (वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख) आणि वय ५० पर्यंत असेल तर जीवन ज्योती बीमा योजना (वर्षाला ४३६ रुपये) सुरू करून त्यांचे हप्ते आम्ही भरू. घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीला आमचं पत्र लागलं तर तेही देऊ.

राहून चोवीस तास काम आहे का? पुरुष चालतील का?

चोवीस तास नाही, रात्र मी सांभाळते. अंघोळ-शौच असल्यामुळे आईला स्त्रीच हवी आहे, तिनं ते मान हलवून स्पष्ट सांगितलं आहे.

काम सोडायचं असेल, किंवा तुम्हीच थांबवलं तर?

दोन्हीकडून पंधरा दिवस आधी सांगायचं. आईला दवाखान्यात दाखल करावं लागलं तर पहिले सात दिवस पगार चालू राहील आणि तिथे बसायला आलात तर नेहमीचाच दर. आम्ही अचानक थांबवलं, कारण काहीही असो, तर बारा ड्युट्यांचे ११,४०० रुपये आणि तोवरचा हिशेब त्याच दिवशी. अनुभवाचं पत्र मागितल्यावर लगेच, त्यात केलेल्या कामाची नावं लिहून.

फोन कधी आणि काय सांगायचं?

संदेशातल्या नंबरवर संध्याकाळी साडेआठ ते दहा. तुम्ही कुठे राहता, पक्षाघाताच्या रुग्णाचं काम कुठे आणि किती दिवस केलं, ६२ किलोच्या माणसाला खुर्चीत घ्यायला तुमची पाठ-गुडघे साथ देतात का आणि कोणत्या तारखेपासून याल, एवढं सांगा. पत्ता चाचणीचा दिवस ठरल्यावर पाठवते. जागा भरली की संदेशाच्या वरच तसं लिहीन आणि ज्यांची चाचणी झाली आहे त्यांना स्वतः फोन करीन.